गिरणी टाकण्याआधी डबे मोजा

नव्या वस्तीत कुणी पिठाची गिरणी टाकायचं ठरवलं, की त्याला चहूबाजूंनी सल्ला मिळतो आणि तो बहुतेक वेळा एकाच सुराचा असतो. माणूस काही जेवायचा थांबणार नाही, तेव्हा गिरणी म्हणजे कायमचा धंदा. रस्त्याला वर्दळ आहे, आजूबाजूला बिल्डिंगा उभ्या राहतायत, आधीच्या दोन गिरण्या वर्षानुवर्षं चालल्यात, मग तिसरी का चालणार नाही? दळण चांगलं दिलं, बोलणं गोड ठेवलं, की गिऱ्हाईक आपोआप येतं. घरं मोजत बसणं आणि दुसऱ्याच्या दुकानासमोर वही घेऊन उभं राहणं हे नोकरदार डोक्याचं लक्षण आहे, धंद्याला हिंमत लागते. हा सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, यात शंका नाही. पण त्यातलं एकेक वाक्य तपासलं तर ते चुकीचं निघतं, आणि त्या चुकीची किंमत सल्ला देणारा भरत नाही. ती गाळ्याचं डिपॉझिट आणि यंत्राचा हप्ता भरणारा भरतो. एखादी वस्ती किती गिऱ्हाईक देऊ शकते हे दुकान उघडण्याआधी मोजता येतं, चार-पाच दिवसांत मोजता येतं, आणि ते न मोजता गाळ्याचा करार करणं याला हिंमत म्हणता येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिलं वाक्य घेऊ. माणूस जेवायचा थांबणार नाही, हे खरं. पण जेवणारा माणूस आणि दळण टाकणारं घर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केंद्र सरकारच्या घरगुती खर्चाच्या पाहणीनुसार 1999-2000 मध्ये शहरातला माणूस महिन्याला सरासरी सुमारे साडेदहा किलो तृणधान्य खात होता. 2022-23 च्या पाहणीत तोच आकडा सुमारे 8 किलोवर आला आहे. या आठ किलोंत भातही आला, आणि तांदूळ गिरणीत येतो तो मोदक-घावनांपुरता. उरलेल्या गहू-ज्वारी-बाजरीतलं काही पाकीटबंद आट्याच्या रूपात घरात येतं, काही पोळी-भाजी केंद्रातून तयार पोळ्या होऊन येतं, तर काही घरांत ओट्याशेजारी ठेवलेल्या छोट्या चक्कीवर दळलं जातं. तेव्हा ‘माणूस जेवतोच’ या वाक्यातून गिरणीच्या धंद्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही. विचारायचा प्रश्न एवढाच, की या वस्तीतल्या किती घरांतून, महिन्याला किती किलो धान्य, डब्यात भरून गिरणीपर्यंत चालत येतं? याचं उत्तर अंदाजपंचे देण्याची गरज नाही.

उत्तर शोधण्याआधी आपल्याला किती दळण लागेल, हे काढावं लागतं. बहुतेक जण नेमकी हीच पायरी गाळतात. पुण्याच्या कडेला वाढलेल्या उपनगरांत असतो तसा एक गाळा नमुन्यादाखल धरू. भाडं महिन्याला 15,000, कामावरच्या माणसाचा पगार 14,000, विजेचा स्थिर आकार, पट्टा, दगडाला टाकी लावणं आणि किरकोळ दुरुस्ती मिळून 4,000, यंत्राच्या कर्जाचा हप्ता 5,000. हे झाले 38,000. मालकाने आपल्या श्रमाचे किमान 20,000 धरले, तर एकूण 58,000. दळणाचा दर किलोला 7 रुपये आणि त्यातला साधारण 1 रुपया विजेला आणि दगडाच्या झिजेला गेला असं धरलं, तर प्रत्येक किलोमागे हातात 6 रुपये राहतात. 58,000 ला 6 ने भागा. महिन्याला सुमारे 9,700 किलो दळण आलं तरच हा संसार चालेल. दळण टाकणारं घर महिन्याला सरासरी 12 किलो आणतं असं मानलं, तर ती 800 हून अधिक घरं झाली. एक घर महिन्याकाठी गिरणीच्या गल्ल्यात 84 रुपये टाकतं आणि त्यातले 72 मालकाच्या उपयोगाचे असतात. घरामागे एवढीच कमाई असलेल्या धंद्यात गिऱ्हाइकांची संख्या हाच सगळा प्रश्न आहे, आणि ती संख्याच मोजू नका असं सांगितलं जातं.

यंत्राकडे पाहून फसगत होते ती इथेच. 10 हॉर्सपॉवरची चक्की ताशी 100 किलो दळते असं धरलं, तर 9,700 किलो म्हणजे महिन्याच्या 26 दिवसांत रोज पावणेचार तासांचं काम. गिरणी उघडी राहणार दहा तास. मग यंत्र विकणारा सांगतो, की तुम्ही याच्या दुपटीनेही दळू शकाल. यंत्र दळू शकेलच, पण डबे कुठून येणार? यंत्राची क्षमता हा धंद्याचा अंदाज नसतो. धंद्याला मर्यादा घालते ती वस्ती, आणि वस्तीची क्षमता कुठल्याही माहितीपत्रकात छापलेली नसते. ती पायी फिरून काढावी लागते.

आता वस्ती. जर्मन भूगोलतज्ज्ञ वॉल्टर ख्रिस्टॅलर यांनी 1933 मध्ये दोन साध्या कल्पना मांडल्या. एखादी सेवा टिकायला किमान किती गिऱ्हाईक लागतं ही एक, आणि त्या सेवेसाठी माणूस जास्तीत जास्त किती लांब जाईल ही दुसरी. पहिली आपण काढली. दुसरी दहा किलोच्या डब्यावरून ठरते. भरलेला डबा घेऊन माणूस अर्ध्या किलोमीटरहून फार लांब चालत नाही. दुचाकीवर पायाशी डबा ठेवून तो आणखी पुढे जाईल, पण वाटेत दुसरी गिरणी नसेल तरच. म्हणून अर्ध्या किलोमीटरचा पट्टा धरावा, आणि तो नकाशावर कंपासने आखू नये, पायी चालून ठरवावा. मधे नाला असेल, दुभाजकाचा मोठा रस्ता असेल, किंवा सोसायटीचं फाटक पलीकडच्या बाजूला असेल, तर गाळ्यासमोर दिसणारी इमारतही दळणाच्या हिशेबाने लांबची असते. ज्या घराच्या वाटेवर दुसरी गिरणी आधी लागते, ते घर आपलं नाही असंच समजून चालावं.

या पट्ट्यात बारा सोसायट्या आणि 1,600 फ्लॅट आहेत असं धरू. सल्लागार लगेच म्हणतो, 1,600 घरं, अजून काय पाहिजे? पण फ्लॅट म्हणजे घर नव्हे. 2011 च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे 1.1 कोटी घरं रिकामी आढळली होती. कुणी गुंतवणूक म्हणून घेतलेली, कुणी भाडेकरूची वाट पाहत बंद ठेवलेली. नव्या वस्तीत हे प्रमाण किती आहे ते पाहायला कुठल्या कार्यालयात जावं लागत नाही. संध्याकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान इमारतीसमोर उभं राहावं आणि उजेड असलेल्या खिडक्या मजल्यामजल्याने मोजाव्यात. एकदा कामाच्या दिवशी, एकदा रविवारी. जी खिडकी दोन्ही वेळा अंधारी दिसते, तिथे बहुधा कुणी राहत नाही. ज्या गॅलरीत कपडे वाळत आहेत आणि तुळशीची कुंडी आहे, तिथे संसार आहे. जिथे एका दोरीवर फक्त टी-शर्ट आणि टॉवेल आहेत, तिथे तीन-चार नोकरदार मुलं एकत्र राहत असण्याचा संभव जास्त. सोसायटीच्या पहारेकऱ्याशी आणि दूध टाकणाऱ्याशी दहा मिनिटं बोललं, की हा अंदाज पक्का करून घेता येतो. आपल्या नमुन्यात 1,600 पैकी 1,250 फ्लॅटांत राबता आहे आणि त्यातले 300 एकट्या नोकरदारांचे आहेत असं धरू. कुटुंबं उरली 950.

या 950 पैकी दळण टाकतात किती? इथे बहुतेक जण चुकीचा प्रश्न विचारतात. ‘आम्ही इथे गिरणी टाकतोय, तुम्ही याल ना?’ असं विचारलं तर भिडेखातर प्रत्येक जण हो म्हणेल. त्या होकारावर कर्ज काढू नये. विचारायचं ते घडून गेलेल्या गोष्टीबद्दल: गेल्या महिन्यात दळण किती वेळा टाकलं, प्रत्येक वेळी किती किलो, आणि कुठे? वेगवेगळ्या सोसायट्यांतल्या 40 घरांना एवढं विचारलं तरी चित्र स्पष्ट होतं. जोडीला जवळच्या किराणा दुकानात महिन्याला सुटा गहू किती जातो आणि आट्याची पाकिटं किती जातात हे विचारून ताळा घ्यावा. नमुन्यात शंभरातली 55 घरं दळण टाकतात असं निघालं, म्हणजे सुमारे 520 घरं, महिन्याला 6,240 किलो. पट्ट्यात जुन्या गावठाणाची 200 घरं आहेत. तिथे ज्वारी-बाजरीची भाकरी रोजची आहे आणि जवळपास प्रत्येक घर 15 किलोपर्यंत दळण आणतं. ते 3,000 किलो. पूर्ण पट्ट्याचं दळण झालं 9,240 किलो. आपली गरज आहे 9,700. म्हणजे आधीच्या दोन्ही गिरण्या उद्या बंद झाल्या आणि एकूण एक डबा आपल्याकडे आला, तरी आपला हिशेब जुळत नाही. हा निष्कर्ष दोन संध्याकाळच्या मोजणीतून आणि 40 घरांच्या चौकशीतून निघाला. तो करार करण्याआधी कळणं चांगलं, की वर्षभर भाडं भरल्यानंतर?

वर्दळीचा मुद्दा मोठ्या विश्वासाने मांडला जातो. चौकातून दिवसाला हजारो माणसं जातात, त्यातली शंभरातली दोन आली तरी पुरे, असा हा हिशेब. वर्दळ मोजायलाच हवी. पण कोण, कुठे आणि कशासाठी चाललंय याची विभागणी न करता केलेली मोजणी गिरणीला निरुपयोगी आहे. सकाळी साडेआठला बसथांब्याकडे धावणारी गर्दी चहाच्या टपरीचं गिऱ्हाईक आहे. खांद्याला लॅपटॉपची बॅग लावून गव्हाचा डबा घेऊन कुणी कामावर निघत नाही. गिरणीला उपयोगाची वर्दळ म्हणजे त्याच वस्तीत राहणारी, भाजी-किराण्याच्या पिशव्या घेऊन घराकडे परतणारी माणसं. ती सकाळी नऊ ते अकरा आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळांत दिसतात. त्या वेळांत दर तासातली 15 मिनिटं, रस्त्याच्या दोन्ही बाजू वेगळ्या धरून, कामाचे दोन दिवस आणि एक रविवार मोजावं. दुभाजक असेल तर पलीकडची बाजू सोडूनच द्यावी. आणि दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात मोजू नये. तेव्हा भाजणी आणि बेसनामुळे प्रत्येक गिरणीपुढे डब्यांची रांग असते. ती रांग पाहून जो करार करतो, त्याला मे महिन्यात निम्मी वस्ती गावाला गेल्यावर खरी स्थिती कळते. एवढं सगळं करूनही वर्दळीची मोजणी एकच गोष्ट सांगते: वस्तीतल्या गिऱ्हाइकाला हा गाळा वाटेवर पडतो की नाही. वस्तीत नसलेलं दळण ती निर्माण करू शकत नाही.

‘आधीच्या दोन चालतात, मग तिसरी चालेल’ हा युक्तिवाद तर उलट्या दिशेने जातो. आधीच्या दोन चालतात याचा सरळ अर्थ वस्तीचं दळण त्यांच्याकडे जातंय असा आहे. किती जातंय तेही मोजता येतं, आणि गिरणीइतका मोजायला सोपा प्रतिस्पर्धी दुसऱ्या कुठल्या धंद्यात मिळणार नाही, कारण ती चालू असली की ऐकू येते. समोरच्या ओट्यावर बसून दगड दिवसात किती वेळ फिरतो याची नोंद घ्यावी. फळीवर ओळीने लावलेले डबे मोजावेत. स्टीलचे, प्लास्टिकचे, कापडी पिशवीत गुंडाळलेले, झाकणावर आडनाव आणि फ्लॅटचा नंबर लिहिलेले. ते नंबर वाचले तर कोणत्या सोसायटीचं दळण कुठे जातं याचा नकाशाच समोर येतो. नमुन्यातल्या पहिल्या गिरणीचा दगड रोज सुमारे दोन तास फिरतो, म्हणजे महिन्याला 5,200 किलो. दुसरी रोज 130 किलोच्या आसपास दळते, म्हणजे महिन्याला 3,400. दोन्ही मिळून 8,600. घरं मोजून काढलेला आकडा 9,240 होता. दोन वेगळ्या टोकांकडून केलेली मोजणी इतकी जवळ येते तेव्हा ती विश्वास ठेवण्याजोगी असते. राहिलेलं सहाशे-साडेसहाशे किलो दळण पट्ट्याबाहेर जात असावं. तिसऱ्या गिरणीसाठी मोकळं पडलेलं दळण एवढंच आहे.

मग 5,200 आणि 3,400 किलोंवर त्या दोघी टिकल्या कशा? त्यांचा खर्च आपल्या खर्चासारखा नाही, म्हणून टिकल्या. पहिल्या गिरणीची जागा घरची आहे, भाडं नाही, आणि दळायला घरचीच माणसं आहेत. दुसरी गिरणी किराणा दुकानाला जोडलेली आहे. तोच माणूस गल्ल्यावर बसतो आणि डबा आला की दगड चालू करतो. अशा वस्तीत नवा भाडेकरू जेव्हा ‘त्यांचं चालतंय’ म्हणतो, तेव्हा तो त्यांचा गल्ला पाहतो आणि त्यांचा भाड्याचा रकाना रिकामा आहे हे पाहत नाही. प्रतिस्पर्धी मोजताना त्याचं भाडं, त्याचे कामगार आणि त्याचा जोडधंदा यांची नोंद डब्यांच्या आकड्याशेजारी झाली नाही, तर ती मोजणी अर्धवट राहते.

दुसरं दुकान यायला वस्ती फक्त दुप्पट व्हावी लागते, हा समजही टिकत नाही. टिमथी ब्रेसनहन आणि पीटर राइस या अर्थशास्त्रज्ञांनी 1991 मध्ये अमेरिकेतल्या 202 दूरस्थ छोट्या गावांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोणत्या गावात औषधाची दुकानं, दंतवैद्य, नळजोडणी करणारे किती आहेत आणि तिथली लोकसंख्या किती, याची त्यांनी सांगड घातली. पहिलं औषधाचं दुकान टिकायला सुमारे 530 लोकवस्ती पुरते, पण दुसरं यायला सुमारे 2,120 लागते असं त्यांच्या हिशेबात निघालं. चौपट. कारण दुसरं दुकान आलं की गिऱ्हाईक वाटलं जातं आणि स्पर्धेमुळे प्रत्येक विक्रीमागचा नफाही घटतो. तिथले आकडे आपल्या वस्तीला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण त्यामागची गोष्ट इथेही तशीच घडते: तिसरी गिरणी आल्यावर दर 7 वरून 6 झाला, तर किलोमागे 6 ऐवजी 5 रुपये उरतात आणि लागणारं दळण 9,700 वरून 11,600 किलोंवर जातं. या ठिकाणी लक्ष्मी रोडचा दाखला हमखास दिला जातो. तिथे साड्यांची दुकानं एकमेकांना खेटून आहेत आणि सगळी चालतात. चालतातच, कारण साडी घ्यायला माणूस शहराच्या दुसऱ्या टोकाहून येतो, चार दुकानं पालथी घालतो, आणि दुकानं जितकी जास्त तितका तो तिथेच यायला राजी असतो. दहा किलो गहू घेऊन चार गिरण्या पालथ्या घालणारा माणूस कुणी पाहिला आहे? एका धंद्याचा नियम दुसऱ्याला लावायचा असेल, तर आधी गिऱ्हाईक कशासाठी आणि किती लांबून येतं हे तपासावं लागतं.

‘सेवा चांगली दिली की त्यांचं गिऱ्हाईक आपल्याकडे वळेल’ या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. दळण वेळेवर मिळालं, ज्वारीवर गव्हाचा डबा चढवला नाही, पीठ जळकं लागलं नाही, तर काही घरं नक्की वळतील. पण किती वळावी लागतील? मालकाने स्वतःच्या श्रमाचा एक रुपया धरला नाही, तरी 38,000 भागवायला 6,300 किलो लागतात. म्हणजे पट्ट्यातल्या तीन डब्यांपैकी दोन आपल्याकडे यायला हवेत. कामाला माणूस न ठेवता स्वतः दळायला उभं राहिलं आणि आपला मोबदला धरला, तर 7,300 किलो, म्हणजे पाच डब्यांपैकी चार. तिघांत सारखी वाटणी झाली तर मिळतात 3,080 किलो, हातात येतात साडेअठरा हजार, आणि दर महिन्याला साडेएकोणीस हजार खिशातून घालावे लागतात. घरपोच सेवेने हे भरून निघेल असं म्हणणाऱ्याने एक डबा घ्यावा. दहा किलोंमागे हातात 60 रुपये. त्यात डबा आणायची एक फेरी आणि पोचवायची दुसरी. पोराचा पगार आणि पेट्रोल या साठ रुपयांतून जाणार. चांगल्या सेवेने वाटणी बदलते, वाटायचं दळण वाढत नाही.

शेवटचे दोन आक्षेप अधिक गंभीर आहेत. पहिला असा, की वस्ती वाढते आहे, आजचे आकडे घेऊन काय करायचं? वाढ होत असेल तर तीही मोजता येते. महारेराच्या संकेतस्थळावर प्रत्येक नोंदणीकृत प्रकल्पातले फ्लॅट, त्यातले किती विकले गेले आणि काम पुरं होण्याची दिलेली तारीख पाहायला मिळते. पण विकलेला फ्लॅट आणि त्यात पेटलेली चूल यांत कधी दोन, कधी तीन वर्षं जातात, आणि भाडं मात्र पहिल्या महिन्यापासून सुरू होतं. आधीच्या दोन गिरण्या आपलं दळण राखून राहिल्या, तर तिसरीसाठी वस्तीचं एकूण दळण 18,300 किलो व्हायला हवं, म्हणजे आजच्या जवळजवळ दुप्पट. इतकी माणसं राहायला येईपर्यंतचा तोटा सोसायला पैसा आहे का? ज्याच्याकडे आहे त्याने खुशाल थांबावं. ‘वाढेल’ या एका शब्दावर ज्याने बचत लावली, तो वस्ती वाढेपर्यंत टिकत नाही, आणि ती वाढल्यावर तयार झालेलं गिऱ्हाईक त्याच्यानंतर येणाऱ्याला मिळतं.

दुसरा आक्षेप असा, की हे सगळे अंदाज आहेत आणि अंदाज चुकतात. चुकतात, हे मान्य. 40 घरांच्या उत्तरांत पंधरा टक्क्यांचा फरक इकडचा तिकडे सहज पडू शकतो. मग तो फरक धरूनच हिशेब करावा. 55 ऐवजी 70 टक्के घरं दळण टाकतात असं मानलं, तर पट्ट्याचं एकूण दळण 11,000 किलोंच्या आत राहतं आणि तिसऱ्या गिरणीचा वाटा 3,660 किलोंवर जातो. गरज 9,700 ची आहे. सगळ्यात उदार आकडा घेऊनही निकाल बदलत नाही, एवढं त्या चुकू शकणाऱ्या मोजणीने ठामपणे सांगितलं. आकडे काठावर असते, तर आणखी घरं विचारली असती, आणखी दोन दिवस दगडाचा आवाज ऐकला असता. मोजणारा चुकतो तेव्हा आपण किती चुकू शकतो हे त्याला ठाऊक असतं. न मोजणाऱ्याला आपण चुकलो हेसुद्धा डिपॉझिट संपल्यावरच समजतं.

मोजणी प्रत्येक वेळी ‘टाकू नका’ असंच सांगते, असंही नाही. याच पट्ट्यात रोज 25 किलो पीठ लागणारं एक पोळी-भाजी केंद्र आणि दोन खाणावळी निघाल्या, तर एकेकीचं दळण महिन्याला 650 किलो, म्हणजे 54 घरांइतकं. ते आधी बोलून पक्कं करता आलं, तर गणित हलतं. गाळा स्वतःचा असेल तर हलतं. नाल्यापलीकडच्या वस्तीत एकही गिरणी नसेल आणि तिथल्या खिडक्यांत उजेड असेल, तर तिथे जावं. पण यातलं काहीही वही हातात घेतल्याशिवाय दिसत नाही.

म्हणून जो कुणी गिरणी टाकायच्या विचारात आहे, त्याने गाळ्याच्या करारावर सही करण्याआधी एवढं करावं. लागणारं दळण किलोंत काढावं. दोन संध्याकाळी उजेडाच्या खिडक्या मोजाव्यात. 40 घरांना गेल्या महिन्यातलं दळण विचारावं. आधीच्या प्रत्येक गिरणीचा दगड किती वेळ फिरतो ते ऐकावं आणि तिच्या फळीवरचे डबे मोजावेत. मग वस्तीचं एकूण दळण, आधीच्यांकडे जाणारं दळण आणि आपली गरज हे तीन आकडे एका पानावर लिहावेत. पहिल्यातून दुसरा वजा जाऊन जे उरतं ते तिसऱ्याच्या जवळपासही नसेल, तर कुणी कितीही धीर दिला तरी त्या गाळ्याचं डिपॉझिट भरू नये.